उद्देशपत्र: सार्वजनिक आरोग्य पदव्युत्तर पदवी (सामाजिक साथरोगशास्त्र), टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबई

"आजारी पडले नाहीत त्यांना विचारलंत का?"

जुलै २०२२ मध्ये एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी मला हा प्रश्न विचारला. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात जल जीवन मिशनच्या नळपाणी योजनांवर एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होतो. आज मी आपल्याकडे अर्ज करतो आहे, त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून आहे.

गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. नऊ दिवसांत ४३ जणांना जुलाब-उलट्या झाल्या आणि त्यांतले ३१ जण नाल्यापलीकडच्या वस्तीतले होते. त्या वस्तीची पाइपलाइन मीच टाकून घेतली होती. मोजमाप पुस्तिकेत नोंदी माझ्या हातच्या आणि सहीही माझीच. नकाशाप्रमाणे लाइन रस्त्याच्या कडेने जायची होती. रस्ता फोडायला परवानगी मिळेना, पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून शेवटचे साधारण ऐंशी मीटर गटाराला लागून नेण्याला मी होकार दिला. खोली बरोबर होती, जोड तपासले होते, दाबचाचणी पास झाली होती. कागदावर चूक काढायला जागा नव्हती. पण पाणी एक दिवसाआड पाऊण तासच सुटायचे. पाणी बंद झाले की लाइन रिकामी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि नळजोडणीचे एखादे सॅडल जरी सैल असेल तर आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. लाइनचे ठिकाण बदलताना मात्र ते माझ्या मनात आले नाही.

टाकीजवळच्या नळावर जलसुरक्षक रोज क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करत होता आणि क्लोरीन असल्याचा पिवळा रंग येत होता. गावाला पाणी सुरक्षित असल्याचे हिरवे कार्ड होते. मी किट घेऊन वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेलो, तेव्हा परीक्षानळीतले पाणी पांढरेच राहिले. नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असायला हवे, तिथे काहीच नव्हते. टीसीएल पावडर टाकीत पडत होती, फक्त तिचा परिणाम वस्तीपर्यंत पोहोचत नव्हता.

त्या रात्री आशाताईंच्या वहीतली रुग्णांची घरे मी पाइपलाइनच्या नकाशावर लाल पेनाने मांडली. ठिपके गटाराच्या बाजूला दाटीने उमटले. सकाळी मोठ्या खात्रीने तो कागद मी मॅडमसमोर ठेवला आणि त्यांनी वरचा प्रश्न विचारला. मी फक्त आजारी माणसांची घरे मोजली होती. त्याच लाइनचे पाणी पिऊन ठणठणीत राहिलेली घरे किती, आणि ते पाणी न पिताही आजारी पडलेली घरे किती, याचा माझ्याकडे काहीच हिशेब नव्हता.

मग पुढच्या चार संध्याकाळी आशाताई आणि मी वस्तीतल्या सगळ्या ९६ घरी गेलो. नळाचेच पाणी पिणारी घरे ५८ निघाली, त्यांपैकी २२ घरांत रुग्ण होते. आरओचा जार किंवा बोअरचे पाणी पिणारी ३८ घरे होती, त्यांपैकी ५ घरांत रुग्ण होते. म्हणजे ३८ टक्के आणि १३ टक्के, जवळजवळ तिप्पट फरक. मला वाटले, उत्तर मिळाले. पण वही पुन्हा चाळताना दिसले की जार विकत घेणारी घरे मुळातच बऱ्या परिस्थितीतली होती. पक्का संडास, अंगणात हात धुवायला वेगळा नळ, घरात लहान मुले कमी. मग हा फरक पाण्याचा किती आणि परिस्थितीचा किती? तो वेगळा कसा काढायचा, ते मला येत नव्हते. आजही नीट येत नाही. मला ते शिकायचे आहे.

लाइन पुढच्या महिन्यात रस्त्याच्या कडेला हलवली आणि साथ ओसरली. ती लाइन हलवल्यामुळे ओसरली, की पाऊस थांबल्यामुळे, की लोक पाणी उकळून प्यायला लागल्यामुळे, हेही मी ठामपणे सांगू शकत नाही.

नंतर जॉन स्नोबद्दल वाचताना मला नेमका हाच धागा सापडला. लंडनमधला ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि त्याभोवतीच्या कॉलरा-मृत्यूंचा १८५४ चा नकाशा सगळ्यांना ठाऊक असतो. माझा लाल ठिपक्यांचा कागद त्याच जातीचा होता. स्नोचे त्याच काळातले दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. लंडनच्या दक्षिण भागात दोन कंपन्यांचे पाणी एकाच रस्त्यावरच्या घरांना मिसळून जात होते. मोठी घरे आणि लहान घरे, श्रीमंत आणि गरीब दोन्हींकडे होते. एका कंपनीने १८५२ मध्ये थेम्समधले आपले पाणी उचलण्याचे ठिकाण शहराच्या सांडपाण्याच्या वरच्या अंगाला नेले होते, दुसरीने नेले नव्हते. स्नोने घरे मोजली. पहिल्या कंपनीच्या २६,१०७ घरांत कॉलऱ्याचे ९८ मृत्यू, तर दुसरीच्या ४०,०४६ घरांत १,२६३. दर दहा हजार घरांमागे ३७ आणि ३१५. माझ्या वस्तीत जार घेणारे आणि न घेणारे असे मिसळलेले नव्हते, म्हणून माझा आकडा लंगडा पडतो. परिस्थितीने दिलेली अशी तुलना ओळखायची कशी आणि ती मिळाली नाही तर विश्लेषणातून तिची भरपाई करायची कशी, या दोन गोष्टींसाठी मला साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकीचे शिस्तशीर शिक्षण हवे आहे.

त्या चार संध्याकाळींतली एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. एका घरातल्या काकींनी आधी "आमच्यात कुणाला काही झालं नाही" असे सांगितले होते. आम्ही निघालो तेव्हा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आल्या आणि आशाताईंना हळूच म्हणाल्या, "पोरीला दोन दिवस जुलाब होते. पण परवा पाहुणे बघायला यायचेत, नाव लिहू नका बाई." आशाताईंनी वही मिटली. मी मात्र तोवर घरमालकांच्या नावांसकट नकाशा करून दोघा-तिघांना दाखवला होता. माणसांकडून माहिती घेताना त्यांची परवानगी घ्यावी लागते आणि ती माहिती जपावीही लागते, हे मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी घरी येऊन नावे खोडली आणि घरांना क्रमांक दिले. शिवाय भीतीपोटी किंवा लाजेपोटी लपवलेले रुग्ण माझ्या ३८ आणि १३ टक्क्यांत कुठल्या बाजूला गळाले असतील, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

सामाजिक साथरोगशास्त्र हीच शाखा निवडण्याचे कारणही त्या वस्तीतच आहे. ती दलित वस्ती आहे. लाइनचे शेवटचे टोक तिथे येते, पाणी तिथे सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी पोहोचते, आणि गावाचे गटारही तिकडेच उतरते. टोकाला दाब कमी का पडतो हे मी गणित करून दाखवू शकतो. पण टोक त्याच वस्तीत का आले, हे त्या गणितात नाही. प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर हे मिशनचे उद्दिष्ट आम्ही गावाच्या सरासरीवर मोजत होतो आणि सरासरीत ही वस्ती दिसेनाशी होत होती. जात, उत्पन्न, घराची जागा आणि आजार यांचे नाते मोजून दाखवणारी विद्या आपल्या संस्थेत शिकवली जाते, म्हणून मी इथे अर्ज करतो आहे.

माझी शैक्षणिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत घेतली. तिसऱ्या सत्रात गणिताचा एक पेपर राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत सोडवला. जीवशास्त्राशी बारावीनंतर संबंध आला नाही, त्यासाठी मी गेले वर्षभर सूक्ष्मजीवशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्राची पायाभूत पुस्तके वाचतो आहे. संख्याशास्त्र मला अगदीच अनोळखी नाही. काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांनी फोडून ताकद तपासताना सरासरी आणि प्रमाण विचलन हाताखालून गेले आहे. ज्या मूल्याखाली पाच टक्क्यांपेक्षा जास्त निकाल जाऊ नयेत ती काँक्रीटची ताकद, ही व्याख्या मला पाठ आहे. फरक इतकाच की क्यूब उत्तर लपवत नाहीत आणि माझ्या प्रश्नाने घाबरत नाहीत.

मार्च २०२३ मध्ये मी कंत्राटदाराची नोकरी सोडली. त्यानंतर एका स्थानिक संस्थेबरोबर अकरा गावांत जलसुरक्षकांसोबत काम केले. आम्ही एकच बदल केला. ओटी टेस्ट टाकीजवळ न करता लाइनच्या शेवटच्या नळावर करायची, आणि त्याच वहीत शेजारच्या रकान्यात आशाताईंनी त्या आठवड्यातले जुलाबाचे रुग्ण वस्तीनुसार लिहायचे. सहा गावांत वही नियमित चालली, पाच गावांत दोन महिन्यांत बंद पडली. बंद पडलेल्या गावांत कारण बहुतेक एकच होते: शेवटच्या नळावर शून्य क्लोरीन लिहिले की बोलणी जलसुरक्षकाला बसायची, त्यामुळे तो लिहीनासा व्हायचा. नोंद करणाऱ्याला संरक्षण नसेल तर नोंद टिकत नाही. आरोग्य व्यवस्थापन आणि धोरण हे विषय मला या अनुभवाच्या उजेडात शिकायचे आहेत.

प्रबंधासाठी माझ्या मनात प्रश्न आहे तो असा: ग्रामीण सोलापुरात एक दिवसाआड किंवा त्याहून कमी वेळा पाणी मिळणाऱ्या वस्त्यांतल्या पाच वर्षांखालील मुलांमध्ये जुलाबाचे प्रमाण, रोज पाणी मिळणाऱ्या वस्त्यांच्या तुलनेत किती जास्त आहे, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर त्यातला किती फरक उरतो? आज आजारांची नोंद एका पोर्टलवर जाते आणि पाण्याच्या नमुन्यांची दुसऱ्या. दोन्ही याद्या वस्तीच्या पातळीवर एकमेकींना जोडता येतात का, हे त्याच अभ्यासात तपासून पाहावे असा विचार आहे. हा प्रश्न दोन वर्षांत पेलणारा नाही असे आपल्या प्राध्यापकांना वाटले, तर तो लहान करायला मी तयार आहे.

पदवीनंतर मला जिल्हा पातळीवर, पाणीपुरवठा आणि आरोग्य या दोन खात्यांच्या मधल्या जागेत काम करायचे आहे. त्या जागेवर आज कोणी बसत नाही. पाइपलाइनचा नकाशा वाचता येणारा आणि रुग्णांची यादीही वाचता येणारा माणूस तिथे हवा, आणि त्यातले अर्धे काम मला येते.

पहिल्या वर्षाच्या शुल्काची तजवीज माझ्या बचतीतून झाली आहे. त्या स्थानिक संस्थेतले माझे सध्याचे काम मे अखेरीस संपते. मुलाखतीला बोलावल्यास नावे काढलेला तो नकाशा आणि ९६ घरांचा तक्ता मी सोबत आणेन.