मागील बाकी १००

बाबांच्या वहीत वायरमन नावाची चार माणसं आहेत. वायरमन, वायरमन (चष्मा), वायरमन उंच, आणि एक नुसताच वाय. हे मला शीट बनवायला बसल्यावर कळलं, त्याच्या आधी वीस वर्षं ती वही मी रोज बघत होते, म्हणजे काउंटरवर उजव्या हाताला, दोरीने बांधलेल्या पेनासकट, पण वाचली कधीच नव्हती.

आमचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकचं दुकान. मी दिवसभर दुसऱ्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्याच्या पैशांची शीटं नीट करते आणि घरी येऊन बघते तर बाबा रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढून, चष्मा कपाळावर ठेवून, बोटाने ओळी मोजतायत. एका माणसाचा हिशोब काढायला पाच पाच मिनिटं. म्हणलं बास झालं आता, या सुट्टीत ही वही मी मोबाईलमध्ये घालूनच दाखवते.

बाबा म्हणाले, "घाल की. पण वही मी ठेवणार."

"ठेवा हो, पूजा करा तिची."

पहिल्या दिवशी वाटलं दोन तासांचं काम आहे. तारीख, नाव, काय नेलं, नावे, जमा, एवढे पाचच तर रकाने, एका व्यवहाराला एक ओळ, संपलं. आणि प्रत्येकाची बाकी काढायला त्याच पानावर बाजूला हा एवढासा फॉर्म्युला:

```
=SUMIF(B:B,G2,D:D)-SUMIF(B:B,G2,E:E)
```

G2 मध्ये नाव, D म्हणजे नावे, E म्हणजे जमा. आणि पहिलंच खातं उघडलं तर बाकी शून्य. बाबांना दाखवलं तर ते इतके खूश झाले, म्हणाले वा, तुझ्या मशीनने पेंटरची उधारी माफच करून टाकली. झालं असं होतं की मी वहीत होतं तसंच्या तसं २४०/- असं टाइप केलं होतं, आणि ती तिरकी रेघ आणि डॅश बघितला की शीट त्याला आकडा मानतच नाही, अक्षरं समजून बेरजेतून सोडून देतं. सगळ्या ओळी परत. मग नावांची भानगड, "पेंटर" आणि "पेंटर" नंतर एक स्पेस पडलेला "पेंटर " हे शीटला दोन वेगळे पेंटर वाटतात, डोळ्याला काही दिसत नाही, TRIM लावलं तेव्हा एकाचे दोन झालेले पेंटर परत एक झाले. तारखांचं तर सांगतच नाही. सात तारखेचा पाचवा महिना शीटने पाच तारखेचा सातवा महिना करून ठेवला होता, आणि बाराच्या पुढच्या तारखा मात्र डावीकडे चिकटून मुकाट बसलेल्या, कारण तेरावा महिना नसतो म्हणून तिने त्या तारखा मानल्याच नाहीत. तेही सगळं सेटिंग बदलून परत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माणसं ओळखण्यात. मी नाव वाचायचे आणि बाबा गिऱ्हाईक करता करता सांगायचे.

"निळं गेट?"

"मागच्या गल्लीतल्या बाई. आता गेट हिरवं केलंय त्यांनी, रंग आपल्याकडूनच नेला."

"मग निळं का ठेवलंय?"

"खातं उघडलं तेव्हा निळं होतं ना."

"बरं. वाय?"

इथे बाबा जरा थांबले. "वाय म्हणजे चष्मावालाच. घाईत लिहिलं असेल."

म्हणजे चार वायरमनचे तीन झाले. मी सगळ्यांना नंबर दिले, नावाचा ड्रॉपडाउन केला म्हणजे कोणी काही नवीन टाइपच करायचं नाही, यादीतून निवडायचं. वरची ओळ फ्रीझ केली. आणि मग मला जे फार हुशारीचं वाटलं होतं ते केलं. ज्याचं खातं नव्वद दिवसांत एकदाही नील झालेलं नाही ती ओळ आपोआप लाल. चौथ्या दिवशी रात्री यादी तयार, एकशे बारा खाती, त्यातली सात लाल. इतकी सुंदर दिसत होती ती शीट की मी उगाच वर खाली स्क्रोल करत बसले होते.

सातातले सहा अपेक्षित होते. सातवं होतं वायरमन (चष्मा).

वायरमन काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन हिशोब करणार म्हणजे करणारच. पण शीट म्हणत होती की वही सुरू झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, यांचं खातं एकदाही नील नाही. बघितलं तर खरंच. ६२० नेलं, ६२० दिले, बाकी १००. १,४५० नेलं, १,४५० दिले, बाकी १००. पहिलीच ओळ बाबांच्या अक्षरात, मागील बाकी १००. मला वाटलं, बघा, असं असतं, बाबांच्या लक्षातच नाही आणि काकाही गप्प. छोटी रक्कम आहे पण हिशोब तो हिशोब. मी सातही जणांना मेसेज टाकला. नमस्कार काका, आपल्या खात्यावर १०० बाकी आहेत, सवडीने जमा करावे. खाली दुकानाचं नाव. बाबांना विचारलं नाही, ते झोपले होते.

सकाळी आठला, शटर पूर्ण वर जायच्या आधी, काका हजर. चष्मा पुसत उभे. काही बोलले नाहीत, शंभरची नोट काउंटरवर ठेवली, तिच्यावर टेस्टर ठेवला म्हणजे पंख्याने उडायला नको, मग आठवण झाल्यासारखा टेस्टर उचलून खिशात घातला आणि निघाले. नोट उडाली ती मी पायाने धरली. बाबा आतून खोका घेऊन येत होते, त्यांनी फक्त पाठ बघितली.

"कशाला आला होता?"

मी मोबाईल दाखवला. बाबांनी मेसेज वाचला. दोनदा वाचला, ओठ हलवत. मग खोका खाली ठेवला आणि दिवसभर माझ्याशी फक्त "तो अर्धा इंची एल्बो दे" एवढंच बोलले.

मला रागच आला खरं तर. चूक काय माझी, वहीत होतं तेच मी मांडलं, शीट खोटं बोलत नाही. रात्री म्हणलं थांबा, आता सिद्धच करते. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या, अकरा निघाल्या, एकीला वाळवी लागलेली पण मजकूर शाबूत, आणि नुसती काकांचीच पानं शोधून सगळी एका नव्या शीटमध्ये घातली. पंधरा वर्षांच्या वर. शेजारी चालू बाकीचा रकाना:

```
=SUM(D$2:D2)-SUM(E$2:E2)
```

आणि त्याच्या शेजारी वहीत जी बाकी लिहिलीय ती. म्हणजे दोन्ही समोरासमोर. रात्री दीड वाजता शेवटची ओळ टाकली. वही म्हणत होती १००. शीट म्हणत होती ०, म्हणजे सकाळी दिलेली नोट धरली तर उलट आपणच काकांचे १०० देणं.

मग मी खालून वर जायला लागले. वही १००, शीट ०. १००, ०. १००, ०. वह्यांमागून वह्या, हाच फरक, एकाचाही कमी नाही की जास्त नाही. आणि दुसऱ्या वहीच्या मधल्या एका पानावर, त्याच्या वरती, अचानक दोन्ही सारखे. म्हणजे फरक त्या पानावर पडला होता.

ते पान बाबांच्या अक्षरातलं नव्हतं. हेल्डर, केसिंग पट्टी, वायर बंडल. हेल्डर. होल्डरला हेल्डर. १४५, २६०, ३९५, आकड्यांखाली पट्टीने मारलेल्या दोन लाल रेघा आणि त्यांच्यामध्ये ९००. एकंची बेरीज बरोबर, हातचा एक. दशकाची वीस, शून्य लिहून हातचे दोन, आणि ते दोन मी वरती लिहिले होते, पाचवीतल्या त्या सुट्टीत मी २ ला मधेच एक जास्तीचं वळण द्यायचे कारण ते छान दिसतं असं मला वाटायचं. तो २ अगदी ३ सारखा दिसत होता. मला स्वतःलाच ३ वाटला असणार. सहा नि तीन नऊ. खाली काकांचे जमा ८००, बाबांच्या अक्षरात. आणि मग बाकी १००, तेही बाबांच्याच अक्षरात.

बाबा पाणी प्यायला उठले होते, दारात उभे राहून बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याने तिथल्या तिथे तोंडी बेरीज केली ना. आठशे ठेवले."

"मग खोडून दुरुस्त का नाही केलं?"

"खोडणारच होतो. तो म्हणाला, लाल रेघा मारल्यात पोरीने, राहू दे." बाबांनी तांब्या खाली ठेवला. "मग पुढच्या वहीत ओढलं तसंच. त्याला ठाऊक, मला ठाऊक."

"पंधरा वर्षं?"

"अगं शंभरच तर."

मी म्हणलं उद्या त्यांची माफी मागते, नोट परत देते. बाबा म्हणाले नोट घेणार नाही तो, आणि दिवा बंद कर.

काका चार दिवस आले नाहीत. आमच्याकडे नाही आले म्हणजे दुसऱ्या दुकानात गेले असणार, बाबा रस्त्याकडे बघत नव्हते इतके नीट की कळायचंच. पाचव्या दिवशी दुपारी आले, दोन एमसीबी आणि एक स्विच बोर्ड, झाले ३४०. मी काउंटरवर होते. म्हणलं, काका, ते मेसेजचं, ते माझ्याकडून... ते बोर्डाचे स्क्रू मोजत होते.

"लिही."

मी ड्रॉपडाउनमधून वायरमन (चष्मा) निवडलं. नावे ३४०.

काकांनी खिशातून पैसे काढले, मोजले आणि ठेवले. दोनशे चाळीस.

मी बाबांकडे बघितलं. बाबा वहीत लिहीत होते, मान वर केली नाही त्यांनी, पण पेनाची दोरी हलायची थांबली होती.

मी जमा २४० टाकलं. एंटर दाबलं आणि फोन त्यांच्याकडे फिरवला. काकांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यापाशी नेऊन बाकीचा रकाना वाचला.

"बरोबर आहे," म्हणाले, आणि बोर्ड काखेत मारून निघाले.