ओंकारचं बारावी आणि सीईटीचं एकच वेळापत्रक

ओंकार,

कपाटाच्या दारावरची दोन्ही वेळापत्रकं काढ आणि हे लाव. माझ्या वेळी मी बोर्डाची वही वेगळी आणि सीईटीची वेगळी ठेवली होती. इलेक्ट्रोस्टॅटिक्स दोनदा पहिल्यापासून केलं आणि सर्कलला हात लावायला दिवसच उरले नाहीत. तुझ्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही.

बारावीचा धडा एकदाच वाचायचा, एकाच वहीत. सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतात, म्हणून अकरावीचा धडा त्याच्या बारावीतल्या भावंडाच्या आदल्या दिवशी घ्यायचा.

१ ते ३० नोव्हेंबर: साउंड, मग सुपरपोझिशन. ऑप्टिक्स, मग वेव्ह ऑप्टिक्स. लिमिट्स आणि कंटिन्युइटी, लगेच डिफरन्सिएशन. रेडॉक्सला जोडून इलेक्ट्रोकेमिस्ट्री. रोटेशनल डायनॅमिक्स सुटं, त्याला तीन दिवस.

१ डिसेंबर ते १५ जानेवारी: दोन्ही वर्षांचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स सलग. स्ट्रेट लाइन, मग पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. हायड्रोकार्बन्स, मग हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज. इंटिग्रेशनला पूर्ण दहा दिवस, त्यातला एकही दुसऱ्या कशाला द्यायचा नाही.

रोज सकाळी ५:३० ते ७:३० नवा धडा. संध्याकाळी त्याच धड्याच्या दोन परीक्षा. आधी बोर्डाची: पुस्तक मिटून डेरिव्हेशन हाताने, आकृतीसकट. मग सीईटीची: घड्याळ लावून २० एमसीक्यू. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. मॅथ्सला १०८, पण तिथे प्रश्न दोन गुणांचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

उदाहरण बघ. पॅरलल ॲक्सिस थिअरम बोर्डाला सिद्ध करून लागतो. तोच सीईटीत विचारतात: रिंगच्या प्रतलाला लंब स्पर्शअक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया किती? MR² + MR² = 2MR², झालं. सिद्धता ज्याने स्वतः लिहिली, त्याला हे दहा सेकंदांत दिसतं. म्हणून संध्याकाळचा क्रम उलटा करायचा नाही.

चुकलेला एमसीक्यू त्या धड्याच्याच पानावर समासात लाल पेनाने लिही. भांडुप ते दादर लोकलमध्ये फक्त हे समास वाचायचे. गर्दीत वही उघडता येत नाही, फोटो काढून ठेव.

१६ जानेवारीपासून बोर्ड संपेपर्यंत सीईटी बंद. प्रॅक्टिकल, जर्नल, इंग्रजी आणि तीन तासांचे सराव पेपर, एवढंच.

बोर्ड संपल्यावर दोन दिवस झोप. मग ज्यांना भावंड नाही ते धडे: ग्रॅव्हिटेशन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, ॲडसॉर्प्शन आणि कोलॉइड्स. एका दिवसाआड पूर्ण मॉक. बारावीचं पुस्तक तेव्हा उघडायचं नाही, समासच पुरतील.

एखादा धडा मागे पडला तर रविवारी दुपारी भरून काढ, ती वेळ मी मोकळी ठेवली आहे. रात्री नऊला फोन करेन, आठवड्याचा समास वाचून दाखव.

ताई