ऱ्हवलेली पेज

आई हॅम्बुर्गला उतरली तो रविवार होता. विमानतळावरून घरी येताना तिने गाडीच्या काचेला नाक लावून एकामागून एक बंद दुकानं बघितली आणि शेजारी बसलेल्या नातीला विचारलं, "आज तुमची गावपळण आसा काय गो?"

ईशाला गावपळण कुठून माहीत असणार? मग उरलेला रस्ताभर आईने तिला आमच्या गावाची, आचऱ्याची गोष्ट सांगितली. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातो, तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या घालून राहतो आणि गावात चिटपाखरूही उरत नाही. सहा वर्षांच्या ईशाला ते सहलीसारखं वाटलं. इथे दर रविवारी दुकानं बंदच असतात हे मी सांगितलं, पण आईला गावपळणच जास्त पटली होती.

सोमवारी सकाळी फ्रीज उघडून ती बराच वेळ आत बघत राहिली. दही, चीज, अर्धी सिमला मिरची, डब्यात कालची डाळ. "तू खातंस काय मगे?" एवढंच म्हणाली. आणि पिशवी काखेला मारून दारात उभी.

दुकानाबाहेर ट्रॉल्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक युरोचं नाणं खाचेत घातलं की एक सुटते, परत लावली की नाणं बाहेर येतं. आईने हे दोनदा करून बघितलं. "म्हणजे गाडी पळवूक नको म्हणान," ती म्हणाली. "शाणे हत." तिने इथल्या लोकांना दिलेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

आत मात्र ती गप्प झाली. आमच्याकडच्या आठवडा बाजारात ती कधी गप्प नसते. एका टोकाला भाव विचारते, दुसऱ्या टोकाला जाऊन तोच भाव पाडते आणि परत पहिल्याकडेच येऊन घेते. इथे कुणी हाकारत नव्हतं, कुणी "काकी, हंय बघा" म्हणत नव्हतं. भाज्या गप, माणसं गप. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली लांबलचक काकडी तिने उचलली आणि ईशाकडे बघितलं. "हिका थंडी वाजता?" ईशा खदखदून हसली आणि त्यानंतर दुकानभर प्रत्येक गुंडाळलेल्या भाजीला थंडी वाजते का ते विचारत सुटली.

मी म्हटलं होतं, आज तू निवड, तुला हवं ते घे. मला वाटलं, ती आंबा बघेल, चॉकलेटांकडे जाईल, नातीला काही घेईल. ती गेली नारळांकडे. एका टोपलीत सहा-सात होते, सोललेले, तपकिरी. तिने एकेक उचलून कानाशी हलवला, मग डोळ्यांवर अंगठा फिरवला, बुरशी आहे का बघायला. दोन बाजूला ठेवले, एकात पाणी नव्हतं. तिसरा तळहातावर तोलून तिने पाटी बघितली.

"एक युरो नव्व्याण्णव," मी वाचलं.

"म्हणजे?"

"शंभराने गुण. दोनशे रुपये धर."

तिने नारळ टोपलीत ठेवला, इतक्या हळू की जणू अंडं असावं. आमच्या परड्यात चौदा माड आहेत. पाडेल्याला माडामागे पैसे द्यावे लागतात, नारळ सोलून व्यापाऱ्याला घातले की हातात काय राहतं ते मला माहीत आहे. ती काही बोलली नाही. फक्त परत एकदा मागे वळून त्या टोपलीकडे बघितलं.

कोथिंबिरीची जुडी बाजूला टाकून तिने कोथिंबिरीची कुंडी घेतली. इथे ती छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळासकट मिळते. "रोप गावता तर जुडी कित्याक?" मी अकरा वर्षं जुड्याच घेत होते.

मासळीच्या काउंटरवर बर्फात सगळे तुकडे. गुलाबी, चौकोनी, साबणाच्या वड्यांसारखे. डोकं नाही, शेपूट नाही. "डोळो बघल्याशिवाय म्हावरां घेतत?" आईला हे अजिबात मंजूर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी झालेलं नाही, फक्त मी बोलायचं सोडून दिलंय. एका कोपऱ्यात दोन अख्खे मासे होते. तिने ईशाला पुढे केलं.

"त्येका सांग, कल्लो उघडून दाखव म्हणान."

ईशाने काउंटरवरच्या माणसाला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. त्याने आईकडे बघितलं, मोजा चढवला आणि न बोलता कल्ला उचलून दाखवला. आतला रंग विटकरी, उतरलेला. आईने मान हलवली. त्यानेही खांदे उडवले, म्हणजे त्यालाही ते माहीत होतं. दोघांचं कसं जमलं कुणास ठाऊक, पण त्यानेच मग बोटाने शेजारच्या काचेकडे दाखवलं. तिथे सोनेरी झालेले, धुरात भाजलेले अख्खे मासे एका रांगेत पडले होते.

"माक्रेले," तो म्हणाला.

आईने काचेला नाक लावलं. "बांगडो!" मग जरा बारकाईने बघितलं. "बांगडोच, पण परको. पाठीर लाटो हत बघ." आणि तिने एक बोट वर केलं. एकच. त्याने कागदात गुंडाळून दिला तेव्हा ती कागदाला नाक लावून उभी राहिली आणि पहिल्यांदा त्या दुकानात तिचा चेहरा सैल झाला.

एवढं झाल्यावर आता घरी जाऊ असं मला वाटलं. पण ती काहीतरी शोधत होती. पिठाच्या रांगेतून गेली, डब्यांच्या रांगेतून गेली, परत आली. बासमतीचं पाकीट दाखवलं तर "ता नको" म्हणाली. जाड, बुटक्या तांदळाचं एक पाकीट होतं, इथले लोक दुधात खीर करतात त्याचं, तेही हातात घेऊन ठेवलं. मग भोकं पाडलेल्या पिशव्यांमधला तांदूळ. पिशवीसकट उकळायचा. "तांदळाक झबलां," ती पुटपुटली आणि खाली वाकली. अगदी खालच्या फळीवर, गुडघ्यावर हात ठेवून.

तिथून तिने एक पाकीट ओढलं, ज्याला मध्ये काचेसारखी खिडकी होती. ट्यूबच्या उजेडाकडे धरलं. दाणे लांब, बारीक, पण पिवळसर आणि काचेसारखे अर्धे पारदर्शक. प्लास्टिकवरूनच तिने अंगठ्याने एक दाणा दाबून बघितला.

"ह्या काय लिवलेला आसा?"

"पारबॉइल्ड."

"म्हणजे?"

मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. अर्धवट उकडलेला. शब्द इंग्रजी, रोज डोळ्यांसमोर, शाळेतल्या मुलालाही अर्थ कळेल असा. पण माझ्या डोक्यात उकडे तांदूळ म्हणजे लालसर आणि जाडे. दिवाळीनंतर चुलखंडावर मोठं तपेलं, त्यात रात्रभर भिजवलेलं भात, तूस फुटेपर्यंतची वाफ, मग अंगणात चटईवर पसरलेलं ते गरम भात आणि मी हातात शिरपूट घेऊन कोंबड्या हाकायला बसलेली. वाळलं की गिरणी. त्याचा या पाकिटाशी संबंध आहे हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"उकडे," मी म्हटलं.

आई पाकीट धरून तशीच उभी. शेजारून एकजण ट्रॉली घेऊन आला, तिने त्याला वाट दिली नाही, तो वळून गेला.

"ह्या तेव्हापण हंय होता?"

"कधी?"

"तुका ताप इल्लो तेव्हा."

माझा इथला पहिला हिवाळा. नोव्हेंबर, दुपारी चारला काळोख. चार दिवस ताप, खोलीत एकटी, आणि मी फोनवर बावळटासारखं रडत म्हटलं होतं की मला पेज हवीय. पुढे मी ते विसरूनही गेले. फोन ठेवल्यावर आचऱ्यात काय झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कधीतरी बाबा म्हणाले होते, तुझी आई त्या रात्री जेवली नाही.

"असणार," मी म्हटलं. "होताच असणार."

"आणि तुका गावला नाय."

हा प्रश्न नव्हता. तिने दोन पाकिटं ट्रॉलीत टाकली, मग विचार करून तिसरं.

बिलाच्या टेबलावर पट्टा सरकत होता आणि मुलगी इतक्या वेगाने वस्तू पलीकडे ढकलत होती की आई एकेक उचलून पिशवीत लावेपर्यंत मागे ढीग झाला. पैसे दिले तरी आई जागची हलेना. मी खुणावलं. ती त्या मुलीच्या हाताकडे बघत होती. मला उशिरा कळलं, ती वरचं काहीतरी द्यायची वाट बघत होती. दोन मिरच्या, कढीलिंबाची काडी, काहीतरी. ईशाने तिला हाताला धरून बाहेर आणलं, आणि ट्रॉली लावून सुटलेलं नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. आईने ते घेतलं. तिचं समाधान झालं असावं.

संध्याकाळी तिने बाबांना फोन लावला. बाबांचा पहिला प्रश्न, नारळ कितीक? आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नारळ बघूकच नाय. तुमी गुरांक पाणी दाखवलात काय?"

मग स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. तांदूळ तासभर शिजला तरी दाणा फुटेना. हे तांदूळ मोकळे राहावेत म्हणूनच तसे केलेले असतात. तिने त्यांना शिव्या घातल्या, डावाने ठेचले, परत पाणी घातलं. बांगडा तव्यावर नुसता ऊन केला तर घरभर धुराचा वास, आणि ईशा नाक धरून खोलीत पळाली. पण पाचच मिनिटांत परत आली.

खोलगट थाळीत तिने पेज ओतली, वर मीठ, कडेला बांगड्याचा काटा काढलेला तुकडा. थाळी माझ्यापुढे ठेवली. स्वतःला घेतली नाही, ईशाला दिली नाही.

"मी काय आजारी नाय गो," मी म्हटलं.

"ठावक आसा माका. ही तेव्हाची ऱ्हवलेली. गप खा."

मी खाल्ली. निवळ पातळ होती, शितं दाताखाली येत होती, आमच्या पेजेचा तो लालसर रंग नव्हता, वासही नव्हता. बांगडा मात्र चोख. थाळी तोंडाला लावून मी शेवटचा घोट प्यायले तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून रिकामं पाकीट घडी घालत होती.

"खालची फळी," ती म्हणाली. "डाव्या हाताक, झबल्यांच्या बाजूक. ध्यानात ठेव."