‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ या कथेतील उपरोधाचे तीन प्रकार

द्वितीय वर्ष कला, साहित्यप्रकार : कथा
स्वाध्यायाचा प्रश्न : कोणत्याही एका कथेच्या आधारे शाब्दिक, परिस्थितिजन्य आणि नाट्यात्म उपरोध स्पष्ट करा.

एडगर ॲलन पो यांची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ ही कथा १८४६ मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झाली. इटलीतील एका शहरात कार्निव्हलच्या संध्याकाळी माँट्रेसर हा निवेदक आपल्या फॉर्च्युनाटो नावाच्या परिचिताला अमॉन्टिलाडो या दुर्मीळ मद्याचे पिंप पारखण्याच्या निमित्ताने आपल्या वाड्याखालील तळघरात नेतो. तेथे माँट्रेसरच्या पूर्वजांची हाडे रचून ठेवलेली आहेत. तो फॉर्च्युनाटोला एका कोनाड्यात साखळीने जखडतो आणि कोनाड्याचे तोंड भिंत बांधून बंद करतो. कथानक एवढेच असले तरी उपरोधाचे तिन्ही प्रकार या कथेत एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की त्यांच्यातील भेद समजून घेण्यासाठी ती विशेष उपयोगी पडते.

उपरोध म्हणजे वरवर दिसणारे आणि प्रत्यक्षात असलेले यांतील अर्थपूर्ण अंतर. बोलणारा हे अंतर जाणीवपूर्वक निर्माण करतो, तेव्हा तो शाब्दिक उपरोध होतो. अपेक्षा आणि निष्पत्ती यांत विसंगती पडते, तेव्हा तो परिस्थितिजन्य ठरतो. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट वाचकाला किंवा प्रेक्षकाला ठाऊक असते, तेव्हा पात्राच्या साध्या बोलण्यालाही दुसरा अर्थ येतो. हा नाट्यात्म उपरोध होय.

शाब्दिक उपरोधाची उदाहरणे या कथेत जागोजागी आढळतात. तळघरातील ओल आणि भिंतींवर साचलेला सोरा यांमुळे फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ येते, तेव्हा माँट्रेसर काळजीच्या सुरात सांगतो, की आपण परत फिरू, तुझी प्रकृती मोलाची आहे. फॉर्च्युनाटो मद्याचा प्याला उचलून भोवती चिरविश्रांती घेणाऱ्या मृतांचे स्मरण करतो, तर माँट्रेसर फॉर्च्युनाटोच्याच दीर्घायुष्यासाठी पितो. पुढे फॉर्च्युनाटो आपण फ्रीमेसन असल्याची खूण करतो आणि माँट्रेसरला ती कळत नाही, असे पाहून त्याच्याकडेही खूण मागतो. त्यावर माँट्रेसर अंगरख्याखालून गवंड्याची थापी बाहेर काढतो. इंग्रजीत ‘मेसन’ या एकाच शब्दाने गवंडी आणि त्या बंधुसंघाचा सभासद या दोघांचाही निर्देश होत असल्यामुळे त्याचे उत्तर खोटे म्हणता येत नाही, आणि माझ्या मते शाब्दिक उपरोध व साधे असत्य यांतील फरक येथेच दिसतो. खोटे बोलणाऱ्याला सत्य पूर्णपणे झाकायचे असते. माँट्रेसर मात्र सत्य समोर ठेवतो आणि ते समोरच्याला कळणार नाही, या खात्रीचा आनंद घेतो.

नाट्यात्म उपरोध कथेच्या पहिल्या परिच्छेदातच सुरू होतो, कारण आपण सूड घेण्याची प्रतिज्ञा केली आहे, हे निवेदक वाचकाला आरंभीच सांगून टाकतो. त्यानंतर फॉर्च्युनाटोचे प्रत्येक पाऊल आपण भीतीने पाहतो. लुकेसी नावाच्या दुसऱ्या जाणकाराकडे जातो, असे माँट्रेसरने म्हणताच फॉर्च्युनाटोचा अहंकार दुखावतो आणि तो स्वतःच तळघरात जाण्याचा आग्रह धरतो. आपल्या विनाशाकडे तो आपल्याच हट्टाने चालत जात आहे, हे केवळ त्यालाच दिसत नाही.

शाब्दिक आणि नाट्यात्म उपरोधाची गल्लत होण्याचा संभव जेथे सर्वाधिक आहे, तो संवाद येथे नेमकेपणाने पाहिला पाहिजे. खोकल्याविषयी फॉर्च्युनाटो म्हणतो, की मी काही खोकल्याने मरणार नाही, आणि माँट्रेसर उत्तर देतो, ‘‘खरे आहे, खरे आहे.’’ पहिले वाक्य नाट्यात्म उपरोधाचे आहे, कारण बोलणाऱ्याला त्याचा पूर्ण अर्थ ठाऊक नाही, मात्र वाचकाला ठाऊक आहे. दुसरे वाक्य शाब्दिक उपरोधाचे आहे, कारण बोलणाऱ्याला त्याचे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत आणि तो हेतुपुरस्सर ते वापरत आहे. म्हणजे उपरोधाचा प्रकार ठरवताना वाक्य कोणते आहे, यापेक्षा ते बोलणाऱ्याला किती माहीत आहे, हे पाहावे लागते. निवेदन प्रथमपुरुषी असल्यामुळे वाचकाला जे ज्ञान मिळते, ते खुन्याकडूनच मिळते. त्यामुळे आपण नकळत त्याच्या कटाचे भागीदार होतो आणि कथा वाचताना जी अस्वस्थता जाणवते, तिचे एक कारण हेच असावे.

परिस्थितिजन्य उपरोधाची काही उदाहरणे उघड आहेत. शहर उत्सवात दंग असताना खून होतो, मरणारा माणूस विदूषकाच्या रंगीबेरंगी वेषात, घुंगरांची टोपी घालून आलेला असतो, आणि ज्या जाणकारीचा त्याला गर्व आहे, तीच त्याचा घात करते. नोकरांचा प्रसंगही याच प्रकारात घातला जाण्याची शक्यता आहे: सकाळपर्यंत मी परतणार नाही, तुम्ही घर सोडू नका, अशी आज्ञा दिली की आपली पाठ वळताच सगळे निघून जातील, असा माँट्रेसरचा हिशेब असतो आणि तसेच घडते. आज्ञेचा परिणाम उलटा झाला असला, तरी तो आज्ञा देणाऱ्याला अपेक्षितच होता, म्हणून त्याला निखळ परिस्थितिजन्य उपरोध म्हणणे मला योग्य वाटत नाही.

या प्रकारचा खरा आणि सर्वांत खोल उपरोध सूडाच्या निष्पत्तीत आहे. कथेच्या आरंभी माँट्रेसर परिपूर्ण सूडाच्या दोन अटी सांगतो: सूड घेणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, आणि ज्याने अपराध केला, त्याला आपल्यावर सूड उगवला जात आहे, याची जाणीव झाली पाहिजे. पहिली अट बाहेरून पाहता पूर्ण होते, कारण अर्धशतक लोटले तरी त्या हाडांना कोणी हात लावलेला नाही. दुसरीविषयी मात्र शंका घेण्यास भरपूर जागा आहे. माँट्रेसर फॉर्च्युनाटोला त्याचा अपराध एकदाही सांगत नाही. फॉर्च्युनाटो आधी या सगळ्याला थट्टा समजतो, मग देवाच्या नावाने विनवणी करतो आणि शेवटी उत्तर देणेच थांबवतो. भिंतीतील उरलेल्या फटीतून माँट्रेसर जळती मशाल आत टाकतो, तेव्हा केवळ घुंगरांचा आवाज येतो. ज्या कबुलीसाठी एवढा खटाटोप केला, ती त्याला मिळतच नाही.

पहिली अटही आतून पोखरलेली आहे. शेवटचा दगड बसवण्यापूर्वी आपले मन विषण्ण झाले, असे तो सांगतो आणि लगेच त्याचे कारण तळघरातील ओल असल्याचे स्पष्टीकरण देतो. त्याच्या घराण्याच्या मानचिन्हावर एक सोनेरी पाऊल सापाला चिरडत आहे आणि त्याच वेळी सापाचे दात त्या टाचेत रुतलेले आहेत. माँट्रेसर स्वतःला ते पाऊल समजतो, परंतु दंश पावलालाही झाला आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. ही बाब निवेदकाला ठाऊक नाही आणि वाचकाला दिसते, म्हणून येथे नाट्यात्म उपरोधाचा रोख फॉर्च्युनाटोवरून सरकून खुद्द माँट्रेसरवर वळतो. आपल्या आत्म्याचे स्वरूप जाणणाऱ्या कुणाला तरी तो पन्नास वर्षांनंतर हा वृत्तान्त बारीकसारीक तपशिलांसह सांगत आहे, आणि त्याचा शेवट मृतासाठीच्या लॅटिन प्रार्थनेने करतो. ती प्रार्थना थट्टेची मानली, तर तो शेवटचा शाब्दिक उपरोध ठरेल. परंतु आधीच्या विषण्णतेमुळे मला ती मनापासून केलेली वाटते, आणि तसे असेल तर ज्याला त्याने मारले, त्याच्यासाठी तो जी शांती मागतो, ती पन्नास वर्षांत त्याला स्वतःला मिळालेली नाही.