तेवीस जण आणि एक फाटक: निर्वासित कायद्यावरील सराव प्रश्न व चर्चा

विधी तृतीय वर्ष, आंतरराष्ट्रीय कायदा, सोलापूर. गुण २०, वेळ ५० मिनिटे. बेअर ॲक्ट जवळ ठेवायला हरकत नाही. मेरुस्थान हा देश काल्पनिक आहे, भारतीय कायदा मात्र खराच लावायचा आहे.

घटना

मेरुस्थानात लष्करी राजवट आहे. तिथल्या डोंगरी भागातली एक अल्पसंख्य जमात स्वतःच्या भाषेत शाळा चालवते. सरकारने त्या शाळांवर बंदी घातली, शिक्षकांना उचलायला सुरुवात केली आणि दोन गावे जाळली.

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटे या जमातीचे २३ जण ईशान्य भारतातल्या एका सीमेवरील पुलावर आले. नदीच्या मध्यावर हद्द आहे, पण भारताचे फाटक पुलाच्या या टोकाला, म्हणजे हद्दीपासून साठ मीटर आत आहे. कोणाकडेही पासपोर्ट किंवा व्हिसा नव्हता. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेला हिंदी येत होती. अर्धवट जळालेले शाळेचे हजेरीपुस्तक दाखवत ती ड्यूटीवरच्या निरीक्षक काळे यांना म्हणाली, "साहेब, परत गेलो तर आम्हाला मारतील. माझ्या दोन सहकाऱ्यांना मागच्या आठवड्यात नेलंय." गटातल्या दोन तरुणांनी मात्र सांगितले, "आम्हाला काम पाहिजे." एक मध्यमवयीन माणूस काहीच बोलला नाही. तो पूर्वी मेरुस्थानच्या पोलिसांत होता आणि गाव जाळणाऱ्या तुकडीत होता, असे गटातलीच एक बाई दबक्या आवाजात म्हणाली.

एक गरोदर स्त्री चक्कर येऊन पडली. तिला आणि तिच्या सासूला शिपायाने फाटकाच्या आत चौकीत नेऊन पाणी दिले. काळे यांनी वरिष्ठांना फोन केला. उत्तर आले, "कागद नसेल तर आत नाही." चाळीस मिनिटांनी त्या दोघींसह सगळ्यांना पुलावरून माघारी पाठवण्यात आले. चौकीच्या नोंदवहीत एवढीच ओळ आहे: "इसम २३, विनाकागद, परत." नावे, वये, काय म्हणाले, काहीच नाही. संध्याकाळी पलीकडच्या लष्करी नाक्यावर शिक्षिकेसह चौघांना अटक झाली. बाकीचे जंगलात लपले आहेत.

शिक्षिकेचा भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. त्याच्याकडे यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे कार्ड आहे, व्हिसा नाही. तो तुमच्या ऑफिसात आला आहे.

प्रश्न

(अ) निरीक्षकांच्या कृतीने नॉन-रिफाउलमेंटच्या, म्हणजे जिथे जिवाला धोका आहे तिथे परत न पाठवण्याच्या तत्त्वाचा भंग झाला का? फाटकाबाहेरचे एकवीस आणि चौकीतल्या दोघी यांत कायद्याने फरक पडतो का? (८ गुण)
(आ) भारताने १९५१चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही. मग भारतीय न्यायालयात कशाच्या आधारे उभे राहाल? (८ गुण)
(इ) याचिका कोणी, कुठे आणि काय मागून करावी? (४ गुण)

चर्चा

पहिल्याच ओळीत "भारत १९५१च्या कराराचा सदस्य नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही" असे लिहून पेपर मिटवणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी (आ) नीट वाचावा. करार बंधनकारक नसला तरी तत्त्व काय आहे हे (अ)मध्ये सांगावेच लागते. कारण पुढे संविधानाच्या अनुच्छेद २१मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, जे वाचून दाखवायचे आहे ते हेच.

कराराच्या अनुच्छेद ३३(१)प्रमाणे निर्वासिताला, जिथे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे त्याच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, अशा प्रदेशाच्या सीमेकडे "कोणत्याही प्रकारे" परत पाठवता येत नाही. काळे यांचे वकील म्हणतील, हे लोक निर्वासित आहेत असे ठरवले कोणी? उत्तर सोपे आहे. माणूस निर्वासित होतो तो व्याख्येत बसतो म्हणून, कोणी शिक्का मारला म्हणून नव्हे. मान्यता नंतर येते आणि ती असलेली गोष्ट फक्त जाहीर करते. म्हणून दाव्याचा निकाल लागेपर्यंत परत पाठवायचे नाही, एवढे तरी पाळावेच लागते. इथे निकाल दूरच, दावा लिहूनसुद्धा घेतला नाही. माझ्या मते या प्रश्नाचा गाभा त्या चाळीस मिनिटांत आहे. निरीक्षकांनी दावा चुकीचा तोलला असे नाही, तो तोललाच नाही. "मारतील" हे वाक्य कानावर पडल्यानंतर किमान नाव विचारणे, स्वतंत्रपणे बोलणे आणि वर कळवताना तो दावा कळवणे एवढे अपेक्षित होते. वरिष्ठांना कागद नसल्याचे सांगितले. हजेरीपुस्तकाबद्दल सांगितले का, याची नोंद कुठेच नाही.

काम मागणाऱ्या दोघांमुळे सगळा गट आर्थिक स्थलांतरितांचा ठरत नाही. ज्याचे गाव जळाले त्यालाही पोट असते. पण म्हणून सगळे तेवीस आपोआप निर्वासितही ठरत नाहीत. प्रत्येकाचे स्वतंत्रपणे ऐकायला हवे होते, आणि सगळ्यांना एका ओळीत परत पाठवणे नेमके त्यामुळेच टिकत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा हिर्सी जमाविरुद्ध इटली (२०१२) हा निवाडा इथे उपयोगी पडतो. समुद्रात अडवलेल्या लोकांना वैयक्तिक चौकशीशिवाय लिबियात परत नेले, ते युरोपीय मानवी हक्क कराराविरुद्ध ठरले. मात्र एन.डी. व एन.टी. विरुद्ध स्पेन (२०२०) विसरू नका. त्यात कुंपण चढून आलेल्यांना झटपट परत पाठवणे त्याच न्यायालयाने चालवून घेतले, कारण कायदेशीर वाट उपलब्ध असताना त्यांनी ती सोडली असे मानले. आपले तेवीस जण कुंपण चढून आले नाहीत, ते फाटकावर येऊन बोलले. हा फरक ज्याने लिहिला त्याला मी हात सैल सोडून गुण देतो.

आता फाटकाचा सापळा. "सीमेवर नकार" आणि "आत आल्यावर हकालपट्टी" यांत फरक आहे का, यावर जुना वाद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सेल खटल्यात (१९९३) खुल्या समुद्रावर अनुच्छेद ३३ लागू नाही असे म्हटले. उलट यूएनएचसीआरच्या कार्यकारी समितीने १९७७मध्येच सीमेवरही तत्त्व पाळावे असा निष्कर्ष नोंदवला. पण घटना पुन्हा वाचा: हद्द पुलाच्या मध्यावर, फाटक साठ मीटर आत. एकवीसही जण भारताच्या भूमीवरच उभे होते! वादात शिरायची गरजच नाही. चौकीतल्या दोघींचा मुद्दा आणखी भक्कम, कारण त्यांना अधिकाऱ्यांनी स्वतः आत घेऊन ताब्यात ठेवले होते. फाटक म्हणजे हद्द असे धरून दोन पाने लिहिणाऱ्यांचा वेळ वाया जातो.

गप्प बसलेल्या माणसाबद्दल थोडक्यात. गंभीर गुन्हे केलेल्यांसाठी आणि देशाला धोकादायक असलेल्यांसाठी निर्वासित करारात अनुच्छेद १फ आणि ३३(२)चे अपवाद आहेत, पण ते चौकशी करून लावायचे असतात, कुजबुजीवरून नव्हे. त्याच्यामुळे बाकीच्यांना काही होत नाही. शिवाय छळ होण्याची शक्यता असेल तर यातनाविरोधी कराराच्या अनुच्छेद ३ला असले अपवाद नाहीत. भारताने त्या करारावर १९९७मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र अजून केलेले नाही.

(आ)मध्ये सरकारचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. १ सप्टेंबर २०२५पासून परकीय नागरिक कायदा, १९४६ची जागा आप्रवास व परकीय नागरिक कायदा, २०२५ने घेतली आहे. दोन्हींत निर्वासित हा वेगळा वर्गच नाही. कागद नाही म्हणजे प्रवेश नाही. हान्स म्युलर (१९५५) आणि लुई द राएत (१९९१) या निवाड्यांनी परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा मानला आहे. आणि सगळ्यात अवघड धोंडा म्हणजे मोहम्मद सलीमुल्ला (८ एप्रिल २०२१). रोहिंग्यांच्या हद्दपारीला स्थगिती नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अनुच्छेद १४ व २१ सर्व व्यक्तींना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ई)शी जोडलेला, म्हणजे नागरिकांपुरता.

हा निवाडा लपवू नका, समोरचा वकील काढणारच. तो वेगळा करून दाखवा. एक, तो अंतरिम अर्जावरचा आदेश होता. दोन, त्याच आदेशात विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय हद्दपार करू नये असेही म्हटले. आपल्या प्रकरणात कार्यपद्धती होती कुठे? नोंदवहीतली एक ओळ म्हणजे कार्यपद्धती नव्हे. तीन, आपण भारतात राहण्याचा हक्क मागतच नाही, ऐकून घेण्याचा मागतो. "प्रवेश द्या" अशी मागणी केली की हरलात. "ऐकल्याशिवाय मृत्यूच्या दारात ढकलू नका" अशी केली तर अनुच्छेद २१ तुमच्या बाजूने बोलू लागतो.

मग आधाराचे निवाडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश (१९९६) यात चकमांच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. गुजरात उच्च न्यायालयाने क्तैर अब्बास (१९९९) प्रकरणात आणि मणिपूर उच्च न्यायालयाने नंदिता हक्सर (२०२१) प्रकरणात नॉन-रिफाउलमेंट अनुच्छेद २१मध्ये वाचले. विशाखा निवाड्याप्रमाणे देशी कायद्याशी विसंगत नसलेला आंतरराष्ट्रीय नियम मूलभूत हक्कांत वाचता येतो, आणि संविधानाचा अनुच्छेद ५१(सी) त्याला जोड देतो. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९मध्ये स्वीकारला. त्याचे अनुच्छेद ६ व ७ घ्या. अनुच्छेद १३वर विसंबू नका, कारण परकीयांसंबंधीचा आपला कायदा लावण्याचा हक्क भारताने तिथे राखून ठेवला आहे. इथे निम्मे विद्यार्थी घसरतात.

(इ) सोलापुरातला अशील म्हणून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे धावायचा मोह होतो. बेंच १८ ऑगस्ट २०२५पासून सुरू झाले आहे आणि आपला जिल्हा त्याच्याकडे आहे, हे खरे. पण अनुच्छेद २२६(२)खाली वादकारण संपूर्ण किंवा अंशतः तिथे घडायला हवे. भाऊ सोलापुरात राहतो एवढ्याने वादकारण इथे येत नाही. सीमेवरच्या राज्याचे उच्च न्यायालय किंवा अनुच्छेद ३२खाली सर्वोच्च न्यायालय, हीच दोन दारे. मागणीत नोंदवही आणि फोनचा तपशील हजर करण्याचा आदेश, जंगलातले लोक पुन्हा फाटकावर आले तर लेखी दावा घेऊन निर्णय होईपर्यंत परत न पाठवण्याचा आदेश, आणि यूएनएचसीआरकडे जाऊ देण्याची मुभा मागावी. पलीकडे अटकेत असलेल्या चौघांना परत आणा, असा आदेश मिळणार नाही. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला निवेदन हाच मार्ग आहे.

सही कोणाची घ्यायची, हे वकिलाने आधी ठरवावे. भावाकडे व्हिसा नाही. शपथपत्रावर त्याचा पत्ता आला की पोलीस आयुक्तालयातून परकीय नोंदणीची चौकशी येऊ शकते, आणि बहिणीला वाचवायला आलेला माणूस स्वतःच अडकतो. नंदिता हक्सर प्रकरणात सात म्यानमारी नागरिकांसाठी याचिका एका भारतीय नागरिकाने केली होती. इथेही जमले तर तसेच करावे, आणि भावाचा जबाब फक्त माहितीसाठी, गरज पडल्यास सीलबंद लिफाफ्यात द्यावा.