नादुरुस्त रेफ्रिजरेटरबाबत तक्रार अर्ज

मा. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सातारा यांचे समोर

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ अन्वये तक्रार

पक्षकारांची नावे व पत्ते सोबतच्या यादीत दिले आहेत. तक्रारदार या सातारा शहरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका असून, जाबदार क्र. १ हे विक्रेते व जाबदार क्र. २ ही उत्पादक कंपनी आहे.

तक्रारदार सविनय निवेदन करतात की,

१. तक्रारदारांनी दि. १२ एप्रिल २०२४ रोजी जाबदार क्र. १ यांच्या दुकानातून जाबदार क्र. २ यांनी उत्पादित केलेला २६५ लिटरचा दोन दरवाजांचा रेफ्रिजरेटर घरगुती वापरासाठी रु. २८,५००/- रोख देऊन खरेदी केला. संपूर्ण उपकरणास एक वर्षाची व कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे. पावती व वॉरंटी कार्ड सोबत जोडले आहे.

२. दि. ६ मे २०२४ रोजी, म्हणजे खरेदीस महिनाही झाला नसताना, खालच्या कप्प्यातील थंडावा पूर्णपणे नाहीसा झाला. त्याच दिवशी ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली. दि. ९ मे रोजी आलेल्या तंत्रज्ञाने गॅस कमी झाल्याचे सांगून तो पुन्हा भरला. त्याच दिवशी तक्रारदारांनी दुकानात जाऊन रेफ्रिजरेटर बदलून देण्याची लेखी मागणी केली. तिची पोच मिळाली, उत्तर मात्र आजतागायत मिळालेले नाही.

३. दि. १४ जून रोजी तोच दोष पुन्हा उद्भवल्याने दुसऱ्यांदा गॅस भरण्यात आला. दि. २ ऑगस्ट रोजी तिसऱ्या वेळी आलेल्या तंत्रज्ञाने घरातील विजेचा दाब कमी-जास्त होत असल्याचे व दरवाजा वारंवार उघडला जात असल्याचे कारण दिले. हे कारण तक्रारदारांना मान्य नाही. रेफ्रिजरेटरमधील गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो; वापराने तो संपत नाही. दरवाजा कितीही वेळा उघडला तरी गॅस कमी होण्याचा प्रश्न येत नाही. दोन महिन्यांच्या आत तो दोनदा भरावा लागला, याचा अर्थ नळ्यांच्या जोडणीत कोठेतरी गळती आहे. ती न शोधता केवळ गॅस भरून तंत्रज्ञ परत गेले, ही सेवेतील त्रुटी आहे. तिन्ही भेटींच्या सर्व्हिस स्लिपा जोडल्या असून पहिल्या दोन स्लिपांवर ‘गॅस भरला’ अशी स्पष्ट नोंद आहे.

४. तक्रारदारांचे पती मधुमेही असून त्यांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. रेफ्रिजरेटर बंद पडल्यामुळे जून व ऑगस्ट महिन्यांत मिळून रु. २,८४०/- किमतीचे इन्सुलिन टाकून द्यावे लागले. पर्यायी सोय म्हणून औषध शेजाऱ्यांकडे ठेवून दररोज सकाळ-संध्याकाळ आणावे लागत आहे. नासलेल्या दुधा-भाजीचा हिशेब तक्रारदार मागत नाहीत. परंतु ७१ वर्षांच्या रुग्णाच्या औषधाबाबत जाबदारांनी दाखवलेली बेफिकिरी गंभीर आहे, हे मा. आयोगाने विचारात घ्यावे, ही विनंती.

५. दि. २० ऑगस्ट २०२४ रोजी तक्रारदारांनी जाबदार क्र. १ यांना स्वहस्ताक्षरात पत्र पाठवले. ते अनावर संतापात लिहिले असल्याने त्यातील काही शब्द कठोर आहेत व ‘हे डबडे उचलून न्या’ असेही त्यात म्हटले आहे. तथापि त्यातील प्रत्येक घटना व तारीख खरी असल्याने ते जसेच्या तसे दाखल केले आहे. दि. ५ नोव्हेंबर २०२४ च्या वकिलांमार्फत पाठवलेल्या नोटीशीसही दोन्ही जाबदारांनी उत्तर दिले नाही.

६. उपकरणातील दोष अधिनियमाच्या कलम २(१०) मध्ये व सेवेतील त्रुटी कलम २(११) मध्ये मोडते. सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याने केलेली टाळाटाळ ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारदार या जिल्ह्यात राहत असल्याने कलम ३४ नुसार मा. आयोगास अधिकारक्षेत्र आहे आणि तक्रार कलम ६९ मधील दोन वर्षांच्या मुदतीत आहे.

७. रेफ्रिजरेटर ऑगस्टपासून बंद अवस्थेत घरीच आहे व त्यास अन्य कोणत्याही कारागिराने हात लावलेला नाही. जाबदारांनी दोष नाकारल्यास कलम ३८ अन्वये त्याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घेण्यास तक्रारदारांची तयारी आहे.

सबब विनंती की, जाबदार क्र. १ व २ यांनी संयुक्तपणे व वैयक्तिकपणे त्याच प्रकारचा नवीन, दोषरहित रेफ्रिजरेटर द्यावा, अथवा रु. २८,५००/- खरेदीच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याजासह परत करावेत, इन्सुलिनचे रु. २,८४०/-, मानसिक त्रासापोटी रु. २५,०००/- व तक्रारीच्या खर्चापोटी रु. ७,०००/- द्यावेत, असा आदेश व्हावा.

सत्यापन : वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर असून त्यातील कोणतीही बाब लपवून ठेवलेली नाही.

सातारा, दि. १० फेब्रुवारी २०२५
तक्रारदारांची सही