मुरगाव ते माले : कप्तानाचं प्रवाशांना स्वागताचं भाषण

मंडळी, नमस्कार. मागच्या बाजूला ऐकू येतंय ना? आज्जी, तुम्ही पुढं या, इथं खुर्ची मोकळी आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, सगळीकडून आलेल्या तुम्हा सर्वांचं जहाजावर मनापासून स्वागत. मी या जहाजाचा कप्तान. गाव माझं येळ्ळूर, राजहंसगडाच्या पायथ्याचं. जहाजावरच्या घोषणा एरवी इंग्रजी आणि हिंदीत होतात. पण या फेरीला निम्म्याहून जास्त प्रवासी आपल्या भागातले आहेत आणि बहुतेकांचा हा पहिलाच समुद्रप्रवास आहे असं यादीवरून कळलं, तेव्हाच ठरवलं की सुरक्षेचं जे सांगायचं ते मराठीत आणि स्वतः सांगायचं. ज्यांना कानडीत ऐकायला सोपं जातं त्यांच्यासाठी आमचे मुख्य कारभारी इथंच थांबलेत. ते कारवारचे आहेत. काहीही निःसंकोच विचारा.

आधी वाटेचं सांगतो. संध्याकाळी सहाला आपण मुरगाव सोडू. बंदराबाहेर पडताना उजव्या हाताला, उत्तरेकडं, आग्वादचं टोक दिसेल. त्याच्या अलीकडं मांडवी समुद्राला मिळते. ही मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगवणारी महादई. चोर्ल्याचा घाट उतरून तुम्ही सकाळी इथं आलात, ते पाणी तुमच्या आधीपासून याच वाटेनं समुद्राला येतंय. तिथून आपण दक्षिणेला वळू. मालदीवची राजधानी माले साधारण पावणेसातशे सागरी मैल, म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. आपला वेग १६ नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. दोन रात्री समुद्रात काढायच्या आणि रविवारी दुपारी पोचायचं. उद्या रात्री नऊच्या सुमारास हवा स्वच्छ असली तर उजवीकडं लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या दीपगृहाचा उजेड फिरताना दिसेल. १८८५ सालापासून ते दीपगृह तिथं उभं आहे. लहान मुलांना तेवढ्यासाठी जागं ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पावणेपाचला आपली सुरक्षा कवायत आहे आणि ती झाल्याशिवाय मी दोर सोडायला सांगणार नाही. एकही प्रवासी कमी असला तरी थांबू. हा नियम माझ्या मनचा नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हा बोटींत सगळ्यांना पुरेल एवढी जागा नव्हती. त्यातून जहाजावरच्या जिवांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. आणि अगदी अलीकडं, जानेवारी २०१२ मध्ये, इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हापासून नियम बदलला : कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच. मी ती आधीच घेतो, कारण धक्क्याला लागलेल्या जहाजावर माणूस शांतपणे शिकतो.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. डिसेंबरात अरबी समुद्र बहुतेक शांत असतो, आणि हवामान खात्याचा अंदाज मी स्वतः दिवसातून अनेकदा बघतो. तरी पाचशे माणसांनी एकदा तरी आपली वाट पायानं चालून बघितलेली असली पाहिजे. वाचून कळणारी ही गोष्ट नाही.

तर नीट ऐका. जहाजाचा भोंगा सात वेळा लहान आणि मग एकदा लांब वाजला, की तो धोक्याचा इशारा. सात लहान, एक लांब. मुलांनो, म्हणा बघू माझ्याबरोबर. सात लहान, एक लांब. शाब्बास. हा इशारा ऐकला की हातातलं काम सोडायचं, केबिनमध्ये असाल तर जीवरक्षक जॅकेट, नेहमीची औषधं आणि अंगावर एखादं गरम कापड घ्यायचं आणि आपल्या जमण्याच्या ठिकाणी जायचं. केबिनच्या चावीच्या कार्डावर एक इंग्रजी अक्षर आहे, तेच तुमचं ठिकाण. कार्ड आत्ता काढून बघा. नवरा-बायकोचं एकच असेल, मुलांच्या मनगटावर तेच अक्षर असलेली पट्टी बांधली जाईल. मूल त्या वेळी खेळायच्या खोलीत असलं तर त्याला शोधायला उलटं धावू नका. तिथल्या ताई त्याला थेट तुमच्या ठिकाणी आणतात. आईबापाला हे जड जातं, मला ठाऊक आहे, पण जिन्यावर उलट्या दिशेनं धावणारी माणसंच वाट अडवतात.

लिफ्ट वापरायची नाही. पिशव्या, बॅगा घ्यायच्या नाहीत. दागिन्यांचा डबासुद्धा नाही. धूर असला तर वाकून चाला, भिंतीचा कठडा धरा. जमिनीलगत उजळणारी पट्टी दाराकडं नेते.

जॅकेट कपाटात वरच्या फळीवर आहे. डोक्यावरून घालायचं, पट्टा पाठीमागून आणून पुढं अडकवायचा आणि घट्ट ओढायचा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि हनुवटीला लागतं. अक्का, मावशी, तुमच्यासाठी खास : पदर आधी कमरेला घट्ट खोचा, मगच जॅकेट घाला. पदर पट्ट्याच्या आत अडकला तर पट्टा आवळत नाही आणि चालताना पाय गुंततो. नऊवारीवाल्या आज्जींना हे सोपं जाईल, त्यांचा काष्टा असतोच. फेटा, टोपी उतरवा. जॅकेटला शिट्टी आहे आणि पाण्याला लागताच आपोआप पेटणारा दिवा आहे. कवायतीत शिट्टी वाजवू नका, ती तोंडात घेऊन फिरणारी मुलं मला दरवेळी दिसतात.

जहाज सोडायचा हुकूम फक्त कप्तान देतो, तोही तोंडी, ध्वनिक्षेपकावरून. भोंगा वाजला म्हणजे जहाज सोडायचं असं नाही. भोंगा म्हणजे जमा व्हा. पुढचं मी सांगेपर्यंत कुणीही बोटीत चढायचं नाही आणि पाण्यात उडी तर मुळीच मारायची नाही. बोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या सगळ्या माणसांच्या सव्वापट जागा आहे. बोटी वरून बंद आहेत, त्यांना इंजिन आहे, आत पाणी आणि कोरडं अन्न भरलेलं आहे. धक्काबुक्की करायचं काही कारण नाही.

आणखी एक. काही दिसलं म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला धावू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात कलंडली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आपलं जहाज त्याच्या कितीतरी पट मोठं आणि स्थिर आहे, पण घाबरलेली गर्दी जिथं धावते तिथं चेंगराचेंगरी ठरलेलीच. खलाशी सांगेल तिथं थांबा.

कुणी पाण्यात पडताना दिसलं तर तीन कामं एकदम : ‘माणूस पडला’ म्हणून मोठ्यानं ओरडा, जवळचं गोल तरंगकडं फेका, आणि हाताचं बोट त्या माणसाकडंच रोखून धरा. नजर हलवू नका. लाटांत डोकं क्षणात हरवतं. जहाज वळून येईपर्यंत तुमचं बोट हीच आमची खूण.

आगीचं मी हात जोडून सांगतो. समुद्रात आगीचा बंब बोलावता येत नाही, जे आहेत ते आम्हीच. केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन, कापूर, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री, काहीही नाही. विडी-सिगारेट मागच्या डेकवर ठरलेल्या जागीच, आणि थोटूक तिथल्या वाळूच्या डब्यातच. समुद्रात टाकलेलं थोटूक वाऱ्यानं खालच्या डेकवर परत येतं आणि कुणाच्या तरी टॉवेलवर पडतं. रोजच्या पूजेसाठी ग्रंथालयाशेजारची खोली सकाळी सहा ते आठ उघडी ठेवू, तिथं विजेची समई आहे. भजनी मंडळानं टाळ-मृदंग आणलेत असं कळलं. संध्याकाळी सात ते नऊ सभागृह तुमचं.

बऱ्याच जणांनी समुद्राला अर्पण करायला नारळ आणलेत. भावना मी समजतो, माझी आईसुद्धा पिशवीत नारळ घालून देते. पण कठड्यावरून काहीही टाकायचं नाही, फूल नाही, नाणं नाही, प्लास्टिक तर नाहीच. वरून टाकलेला नारळ खालच्या डेकवर उभ्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो. निघायच्या आधी पुढच्या डेकवर नारळ वाढवू आणि खोबरं सगळ्यांना वाटू.

बाकी दिवस तसा सोपा आहे. दारांना उंच उंबरे आहेत, पाय उचलून चाला. कोल्हापुरी चपला ओल्या डेकवर घसरतात, बंद बूट घाला. चालताना एक हात नेहमी कठड्याला. कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्याला मी स्वतः खाली उतरवीन. संडासात कागदाखेरीज काही टाकू नका, एक कापडाचा तुकडा अख्ख्या मजल्याची नळी तुंबवतो. गोडं पाणी आम्ही समुद्राच्या पाण्यापासून बनवतो. भरपूर आहे, पण नळ उघडा ठेवू नका. जेवणाआधी साबणानं हात धुणं सक्तीचं, कारण जहाजावर पोटाचा आजार एकाचा दहाजणांना लगेच होतो. शाकाहारी पंगत वेगळी आहे, रात्री ज्वारीची भाकरी मिळेल, उपवासवाल्यांनी सकाळीच सांगा.

मळमळलं तर लाजू नका, जुन्या खलाशांनाही होतं. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा, किंवा डेकवर येऊन क्षितिजाकडं बघा. मोबाइलमध्ये डोकं घालू नका. रिकाम्या पोटी राहू नका, थोडं आलं, थोडी कोरडी बिस्किटं. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधीच घ्यायची असते, दवाखान्यातून आत्ताच घेऊन ठेवा. बीपी, साखर, गरोदरपण असेल तर डॉक्टरना आजच भेटा.

काही तासांत किनाऱ्याचं नेटवर्क जाईल. घरी फोन आत्ता करून घ्या, मग विमान मोड लावा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल फार येतं. उद्या रात्री घड्याळं अर्धा तास मागं घ्यायची. मालेत उतरताना दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती बरोबर नेऊ नका, तिथं मनाई आहे. केबिनमध्येच ठेवा.

तुमच्यात फौजेतून निवृत्त झालेले काही काका आहेत. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये तुम्ही जी शिस्त शिकलात ती आज इथं लागेल. तुमच्या मजल्यावरच्या वयस्कर लोकांना जिना चढायला हात द्या. ज्यांना चालता येत नाही त्यांची नावं आमच्याकडं आहेत, प्रत्येकासाठी दोन खलाशी नेमलेत.

साडेचार झाले. केबिनमध्ये जा, जॅकेट हातात घ्या, कार्डावरचं अक्षर पुन्हा बघा. पावणेपाचला भोंगा होईल. मी प्रत्येक ठिकाणी येऊन पट्टे तपासणार आहे. चला, उठूया.